दर चौदा दिवसांचा पगार महिन्याला किती धरावा, आणि तिसरा पगार येतो कुठून

प्रश्न: "मेलबर्नला नोकरी लागून सहा महिने झाले. दर दुसऱ्या गुरुवारी खात्यात २,४८० डॉलर जमा होतात, म्हणून महिन्याचे उत्पन्न ४,९६० धरून मी सगळा खर्च बसवला आहे. बँकेच्या माणसाने मात्र फॉर्मवर ५,३७३ लिहिले. त्यात एप्रिलमध्ये तीन पगार आले. ही ऑफिसची चूक असेल तर पैसे परत मागतील का? आणि महिन्याचा नक्की कोणता आकडा खरा?"

दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. वर्षातल्या दहा महिन्यांत आपल्या खात्यात प्रत्यक्ष जे येते ते ४,९६०, आणि वर्षभराच्या कमाईचे बारा सारखे भाग केले तर एका भागाला जे येते ते ५,३७३. एप्रिलचा तिसरा पगार चुकून आलेला नाही, असे आपल्या तारखा पाहून मी जवळजवळ खात्रीने सांगू शकतो, आणि ती खात्री आपली आपल्यालाही करून घेता येईल. ती कशी, हे पुढे येतेच.

मी गेली एकोणीस वर्षे मेलबर्नमध्ये पेरोलचे काम करतो. त्याआधी पुण्यात एका कारखान्याच्या हिशेब खात्यात होतो, तिथे पगार सात तारखेला, महिन्यातून एकदा होत असे. भारतातून आलेल्या जवळजवळ प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याचा गोंधळ एकाच ठिकाणी होतो, आणि माझ्या मते त्याचे मूळ आपल्या भाषेत आहे. इथल्या 'फोर्टनाइट'ला आपण सहज 'पंधरवडा' म्हणतो, आणि पंधरवडा म्हटले की मनात अर्धा महिना येतो: शुद्ध पक्ष आणि वद्य पक्ष, दोन मिळून एक महिना, वर्षाला चोवीस. फोर्टनाइट म्हणजे मात्र मोजून चौदा दिवस. त्याला महिन्याशी काही देणेघेणे नाही. तो आठवड्यांचा हिशेब आहे, आणि आठवडे महिन्याच्या एक तारखेला नव्याने सुरू होत नाहीत. वर्षात असे चौदा दिवसांचे सव्वीस तुकडे बसतात, चोवीस नव्हे. आपण दोनने गुणले तेव्हा नकळत चोवीस पगार धरले, आणि वर्षातले दोन पूर्ण पगार हिशेबातून गळाले.

आता आकडेमोड. २,४८० गुणिले २६ म्हणजे वर्षाचे ६४,४८०. त्याला १२ ने भागले की ५,३७३.३३. दोनने गुणून आलेल्या ४,९६० पेक्षा हे ४१३.३३ ने जास्त आहे, आणि हा फरक बारा महिन्यांचा मिळून बरोबर ४,९६० होतो, म्हणजे गळालेले ते दोन पगार. सव्वीस भागिले बारा म्हणजे तेरा भागिले सहा, ढोबळमानाने २.१६६७. हे गुणोत्तर बँकेच्या माणसाने मनाने काढलेले नाही. ऑस्ट्रेलियाच्या करखात्याच्या तक्त्यांत महिन्याच्या पगाराचा आठवडी पगार काढायचा असेल, तर तीनने गुणून तेराने भागावे असे सांगितलेले असते. त्याची दुप्पट करून उलट फिरवले की हेच गुणोत्तर हाती येते.

तिसरा पगार कुठून येतो हे समजायला आपल्याकडचा अधिक मास उपयोगी पडतो. बारा चांद्रमासांचे दिवस ३५४ च्या आसपास भरतात, सौर वर्ष ३६५ दिवसांचे असते, दर वर्षी अकरा दिवस मागे पडतात, आणि ते साचत साचत महिनाभराचे झाले की एक जादा महिना घालावा लागतो. यंदाच, १७ मे ते १५ जून २०२६, अधिक ज्येष्ठ आहे. पगाराचे गणित याच जातीचे आहे. इंग्रजी महिना सरासरी ३०.४४ दिवसांचा असतो आणि दोन पगारांनी त्यातले अठ्ठावीस दिवस भरून निघतात. दर महिन्याला जवळजवळ अडीच दिवस उरतात. त्या दिवसांचे काम आपण केलेले असते, पण त्याचा पगार त्या महिन्याच्या दोन रकमांत आलेला नसतो. असे उरलेले दिवस साचून चौदा व्हायला पावणेसहा महिने लागतात, आणि तेवढ्या अंतराने एखाद्या महिन्यात तिसरी तारीख डोकावते. म्हणून सव्वीस पगारांच्या वर्षात तीन पगारांचे महिने दोन असतात, साधारण सहा-सहा महिन्यांच्या अंतराने.

तो महिना कोणता हे पगाराच्या तारखेवर ठरते. एकतीस दिवसांच्या महिन्यात पहिला पगार १, २ किंवा ३ तारखेला पडला तर तिसरा त्याच महिन्यात बसतो. तीस दिवसांच्या महिन्यात १ किंवा २ तारखेला पडावा लागतो. फेब्रुवारीत तीन पगार फक्त लीप वर्षात, आणि तेही १ तारखेला पगार असेल तरच. आपला पगार २०२६ मध्ये ८ जानेवारीपासून दर दुसऱ्या गुरुवारी मोजत गेले की एप्रिलमध्ये २, १६ आणि ३० या तारखा येतात. त्यानंतर तीन पगार येतील ते ऑक्टोबरमध्ये, १, १५ आणि २९ तारखेला. उरलेल्या दहा महिन्यांत दोनच. आपल्याच ऑफिसात किंवा शेजारी कोणाचा पगार मधल्या गुरुवारी होत असेल, तर त्यांचे महिने वेगळे पडतील. तेव्हा मैत्रिणीला तिसरा पगार आला आणि मला नाही, अशी तुलना करण्यात अर्थ नाही.

चूक आहे की नाही, हे बँकेच्या खात्यावरून कळत नाही. त्यासाठी पे-स्लिप पाहावी लागते. प्रत्येक पे-स्लिपवर दोन वेगळ्या गोष्टी असतात: पैसे दिल्याची तारीख, आणि ज्या दिवसांच्या कामाचे पैसे आहेत तो कालावधी. बऱ्याच ठिकाणी कालावधी रविवारी संपतो आणि पगार त्यानंतरच्या गुरुवारी होतो. आपल्याकडेही तसेच असेल, तर २ एप्रिलच्या स्लिपवर १६ ते २९ मार्च, १६ एप्रिलच्या स्लिपवर ३० मार्च ते १२ एप्रिल, आणि ३० एप्रिलच्या स्लिपवर १३ ते २६ एप्रिल असे लिहिलेले असेल. तिन्ही स्लिपा टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. एक कालावधी जिथे संपतो त्याच्या दुसऱ्याच दिवशी पुढचा सुरू होत असेल, मधे फट नसेल आणि कोणतेही दिवस दोनदा आलेले नसतील, तर तीनही पगार आपल्या बेचाळीस दिवसांच्या कामाचे आहेत आणि ते कोणी परत मागणार नाही. त्यातले पहिले दोन आठवडे तर मार्चचे आहेत. एप्रिलमध्ये आले म्हणून ते एप्रिलचे ठरत नाहीत.

एकच कालावधी दोन स्लिपांवर दिसला, तर मात्र चौकशी करावी. रजेचा पगार आगाऊ घेतला असेल किंवा मागच्या एखाद्या चुकीची दुरुस्ती केली असेल, तर असे रीतसरही दिसू शकते, पण मग स्लिपेवर तशी वेगळी ओळ असते. तशी ओळ नसेल तर तो खरोखर दोनदा गेलेला पगार असण्याची शक्यता आहे, आणि तो खर्च करण्याआधी पेरोलला एक ई-मेल केलेला बरा. असे पैसे वसूल करताना कंपनी सहसा लेखी संमती घेऊन हप्ते ठरवते.

सुट्टीमुळे चित्र बदलते ते याच जागी, आणि या वर्षी ते माझ्या टेबलावरच घडले. आमच्याकडचा पगार आपल्या मधल्या गुरुवारी होतो, म्हणजे या वेळी तो १ जानेवारी २०२६ ला पडत होता. त्या दिवशी बँका बंद, म्हणून आम्ही तो ३१ डिसेंबरलाच पाठवला. त्यामुळे ४, १८ आणि ३१ असे तीन पगार डिसेंबरमध्ये आले आणि जानेवारीत १५ आणि २९ असे दोनच राहिले. जानेवारीच्या शेवटी एक गृहस्थ कॅलेंडर घेऊनच माझ्याकडे आले. त्यांनी वर्षाच्या सुरुवातीलाच तीन तारखांना गोल करून ठेवले होते, आणि त्यातला पहिला पगार कंपनीने बुडवला अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. डिसेंबरची स्लिप दाखवली तेव्हा ते हसले, पण तोवर त्यांनी त्या 'जादा' पगारातून गाडीचा विमा भरायचे ठरवले होते आणि डिसेंबरची रक्कम नाताळात संपून गेली होती. तेव्हा पुढच्या तारखा मोजताना एखादा पगार महिन्याच्या एक तारखेला पडत असेल, तर त्या दिवशी सुट्टी आहे का, एवढे जरूर पाहून ठेवा.

आता व्यवहाराकडे येऊ. फॉर्मवर ५,३७३ लिहिणे योग्यच आहे, कारण बँकेला वर्षभराची ऐपत बघायची असते. मात्र फॉर्ममध्ये करापूर्वीचे उत्पन्न मागितले आहे की हातात येणारे, हे नीट वाचा. आपले २,४८० हे हातात येणारे आहेत. करापूर्वीचा आकडा हवा असेल तर स्लिपेवरची करापूर्वीची रक्कम घेऊन तिलाच २६ ने गुणावे आणि १२ ने भागावे. हातातल्या रकमेवरून मागे जात करापूर्वीची रक्कम काढण्याचा खटाटोप करू नये. आणि पगार दर वेळी सारखा नसेल, ओव्हरटाइम किंवा रविवारच्या पाळ्या असतील, तर एका स्लिपेवरून महिना काढूच नये. लागोपाठच्या तेरा स्लिपा घ्याव्या, त्यांची बेरीज करावी आणि तिला सहाने भागावे. तेरा पगार म्हणजे बरोबर सव्वीस आठवडे, अर्धे वर्ष, त्यामुळे त्यात तीन पगारांचा महिना आला की नाही हा प्रश्नच उरत नाही.

खर्च बसवताना मात्र ५,३७३ हा आकडा सरळ धरला तर अडचण होते, आणि इथे मी बँकेच्या माणसापेक्षा आपल्या सावधपणाच्या बाजूचा आहे. समजा, आपण मेपासून दर महिन्याला ५,३७३ खर्च करू लागलात. मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांत प्रत्यक्षात ४,९६० च येतील आणि दर महिन्याला ४१३ कमी पडतील; पाच महिन्यांची तूट होते २,०६७. ऑक्टोबरमध्ये तीन पगार मिळून ७,४४० येतात, त्यातून ५,३७३ वजा जाता २,०६७ उरतात आणि तूट बरोबर भरून निघते. वर्षाचा हिशेब जुळला, पण महिन्याचा जुळत नाही. कारण ऑक्टोबरचा तिसरा पगार २९ तारखेला आहे, आणि त्या महिन्याची भाडे-बिले बहुतेक त्याआधीच भरावी लागतात. २८ तारखेपर्यंत त्या महिन्याची ४१३ ची तूटही आधीच्या तुटीत पडून एकूण २,४८० होते. हा आकडा ओळखीचा आहे: बरोबर एक पगार. म्हणजे सरासरीने खर्च करायचा असेल, तर एक अख्खा पगार खात्यात न हात लावता पडून असला पाहिजे. एप्रिलच्या तिसऱ्या पगारातले पैसे अजून शिल्लक असतील, तर ते त्यासाठीच बाजूला ठेवा.

ते शिल्लक नसतील, तर आपण आज जे करता आहात तेच चालू ठेवा: दर महिन्याचे ठरलेले खर्च ४,९६० मध्ये बसवायचे आणि एप्रिल-ऑक्टोबरचे दोन पगार वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांसाठी ठेवायचे, म्हणजे गाडीची नोंदणी, विमा, भारताचे तिकीट. पहिली एक-दोन वर्षे मी नव्या माणसाला हीच पद्धत सुचवतो. सरासरीची पद्धत अधिक नेटकी आहे, पण तिला आधी शिल्लक लागते, आणि नव्याने आलेल्या माणसाकडे नेमकी तीच नसते.

घरभाड्याचे गणितही याच चुकीत सापडते, फक्त खर्चाच्या बाजूने. इथे भाडे आठवड्याचे सांगतात. आठवड्याला ५८० म्हणजे महिन्याला चारपट, २,३२०, असे धरून बसलात, तर एजंटच्या कागदावर २,५२० पाहून धक्का बसेल. एजंट बहुधा आठवड्याचे भाडे सातने भागून दिवसाचे काढतात, त्याला ३६५ ने गुणतात आणि बाराने भागतात. त्यात फसवणूक काही नाही. उत्पन्न दोनने गुणून आणि भाडे चारने गुणून तुलना केली, तर दोन्ही चुका एकाच दिशेच्या असल्यामुळे प्रमाण साधारण बरोबर येते, म्हणून चूक लक्षात येत नाही. ती दिसते फोनचे बिल, कर्जाचा हप्ता किंवा पुण्याला घरी पाठवायची रक्कम यांसारखा खरोखरच महिन्याचा खर्च त्याच्याशेजारी मांडल्यावर.

पुढे घराचे कर्ज काढाल तेव्हा एक प्रश्न नक्की विचारा. महिन्याचा हप्ता २,६०० असेल आणि आपण दर दोन आठवड्यांनी भरतो म्हणालात, तर काही ठिकाणी सरळ निम्मा, १,३०० करतात. वर्षात ते सव्वीस वेळा जातात, म्हणजे तेरा महिन्यांचे हप्ते, आणि कर्ज लवकर फिटते. काही ठिकाणी मात्र २,६०० ला १२ ने गुणून २६ ने भागतात, तेव्हा हप्ता १,२०० होतो आणि वर्षात बाराच महिन्यांचे पैसे जातात. दोन्ही रीतसर आहेत. आपल्याला कोणता लावला आहे ते माहीत असले म्हणजे झाले.

सव्वीस हा आकडाही अगदी पुरा नाही, कारण २६ गुणिले १४ म्हणजे ३६४. वर्षाचा एक दिवस उरतो, लीप वर्षात दोन. म्हणून काही मालक वार्षिक पगार सव्वीसने भागत नाहीत. इथल्या केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत वार्षिक पगाराला १२ ने गुणून ३१३ ने भागतात, म्हणजे २६.०८३३ ने भागल्यासारखे होते. रविवार वगळून सहा दिवसांचा आठवडा धरला तर चौदा दिवसांत बारा आणि वर्षात ३१३ कामाचे दिवस येतात, हा हिशेब त्याच्याशी नेमका जुळतो. वार्षिक पगार ९०,००० असेल तर सव्वीसने भागून ३,४६१.५४ येतात आणि या रीतीने ३,४५०.४८. स्लिपेवर अकरा डॉलर कमी का, असे विचारायला येणाऱ्याला बहुधा हेच उत्तर असते. वार्षिक आकड्यावरून पगार ठरला असेल, तर करारात भागाकार कशाने करायचा ते पाहावे. दर तासाला अमुक असा पगार असेल, तर हा प्रश्नच येत नाही.

तो उरलेला एक दिवस साचत साचत अकरा-बारा वर्षांनी सत्ताविसावा पगार आणतो. इथले आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते. आपला जुलैचा पहिला पगार यंदा ९ तारखेला आहे, पुढच्या वर्षी ८ ला, २०२८ मध्ये लीप वर्षामुळे ६ ला, आणि असे सरकत सरकत २०३२ मध्ये तो १ जुलैला येईल. त्या २०३२-३३ च्या वर्षात शेवटचा पगार ३० जूनला पडून एकूण सत्तावीस होतील. करकपातीची गल्लत होते ती अशा वर्षात. एरवी तीन पगारांच्या महिन्यात कर वाढत नाही, कारण कपात प्रत्येक पगारावर स्वतंत्र होते आणि हिशेब वर्षाचा असतो. पण कपातीचे तक्ते सव्वीस पगार गृहीत धरतात: १८,२०० डॉलरची करमुक्त मर्यादा दर पगाराला ७०० अशी वाटलेली असते. सत्तावीस पगारांना ७०० प्रमाणे सूट दिली की ती १८,९०० होते, आणि वर्षाच्या शेवटी थोडा कर भरायचा राहतो. त्यासाठी करखाते अशा वर्षांकरिता जादा कपातीचा वेगळा तक्ता देते, आणि कर्मचाऱ्याने सांगितले तर पेरोल तो लावू शकते.

शेवटी अमेरिकेतल्या नातेवाइकांविषयी, कारण त्यांच्याशी तुलना होतेच. तिकडे बऱ्याच कंपन्या महिन्यात दोनदा, बहुधा १५ तारखेला आणि महिनाअखेर पगार देतात. तो खरोखरच आपला पंधरवडा: वर्षाला चोवीस पगार, दोनने गुणले की महिना, आणि तिसरा पगार कधीच नाही. दर दुसऱ्या शुक्रवारी पगार होणारेही तिकडे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे गणित आपल्यासारखे सव्वीसचे. तेव्हा भाऊ किंवा बहीण म्हणाली की 'आम्हाला नाही असा जादा पगार येत', तर आधी विचारा, तुमचा पगार तारखेला होतो की वाराला?